कंपनी नेमकी कोणाची? भागधारणेचा तक्ता वाचताना

शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक भारतीय कंपनीला तिमाही संपल्यापासून 21 दिवसांच्या आत आपले मालक कोण आहेत हे जाहीर करावे लागते. सेबीच्या 2015 च्या नोंदणी नियमावलीतील 31 व्या नियमाने हे बंधन घातले आहे. ज्या तक्त्यातून ही माहिती दिली जाते त्याला बाजारात सगळेच ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ म्हणतात. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोन्हींच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावाखाली तो विनामूल्य पाहता येतो आणि मागच्या अनेक तिमाहींचे तक्तेही तिथेच मिळतात. नफातोट्याच्या पत्रकापेक्षा तो वाचायला सोपा असतो, तरीही बहुतेक गुंतवणूकदार त्यातला ‘प्रवर्तक इतके टक्के’ एवढा एकच आकडा पाहून पुढे जातात. हा एकटा आकडा पुष्कळदा दिशाभूल करतो.

तक्त्याचा सांगाडा साधा आहे. पहिल्या पानावर सारांश असतो आणि त्यात मालकांचे तीन गट केलेले असतात. A म्हणजे प्रवर्तक आणि प्रवर्तक समूह, अर्थात कंपनी उभारणारे किंवा तिच्यावर ताबा असणारे लोक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या इतर कंपन्या. B म्हणजे जनता. C म्हणजे या दोन्हींत न बसणारे. त्यात C1 हे परदेशी बाजारात विकल्या जाणाऱ्या डिपॉझिटरी रिसीटच्या पोटी ठेवलेले शेअर, तर C2 हे कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या न्यासाकडचे शेअर. सारांशानंतर प्रत्येक गटाचा स्वतंत्र, नावानिशी तक्ता येतो. प्रवर्तकांच्या तक्त्यात प्रत्येक व्यक्ती आणि संस्था वेगळ्या ओळीत असते. जनतेच्या तक्त्यात मात्र एक टक्का किंवा त्याहून अधिक हिस्सा असणाऱ्यांचीच नावे येतात. बाकीचे त्या त्या प्रकारच्या एकत्रित बेरजेत मिसळून जातात.

‘जनता’ हा शब्द इथे कायद्याच्या अर्थाने आला आहे. प्रवर्तक नाही आणि C मध्येही बसत नाही, तो जनतेत, एवढीच त्याची व्याख्या. त्यामुळे आयुर्विमा महामंडळ, म्युच्युअल फंड, परदेशी गुंतवणूक संस्था, विमा कंपन्या आणि एखाद्या गावातला शंभर शेअर बाळगणारा निवृत्त शिक्षक, हे सगळे एकाच गटाखाली येतात. आयटीसी या कंपनीला प्रवर्तकच नाही. तिचा सर्वांत मोठा भागधारक असलेला ब्रिटिश अमेरिकन टोबॅको हा परदेशी उद्योग वर्षानुवर्षे सुमारे 29 टक्के शेअर राखून होता आणि मार्च 2024 मध्ये त्याने त्यातले साडेतीन टक्के विकले. एवढा मोठा मालकही तक्त्यात जनतेच्याच बाजूला दिसतो. लार्सन अँड टुब्रोलाही प्रवर्तक नाही. तिथे कर्मचाऱ्यांच्या न्यासाकडे मोठा हिस्सा आहे. प्रवर्तकांच्या रकान्यात शून्य दिसले म्हणजे कंपनी बेवारस आहे असे होत नाही. तिचा ताबा कोणाकडे आहे हे मग जनतेच्या तक्त्यातल्या नावांवरून शोधावे लागते.

जनतेच्या तक्त्यात आणखी एक खाचखळगा आहे. रहिवासी व्यक्तींची विभागणी दोन ओळींत केलेली असते: दोन लाख रुपयांपर्यंतचे नाममात्र भागभांडवल असणारे आणि त्याहून अधिक असणारे. वाचणारा सहज समजतो की दोन लाखांपर्यंतचे म्हणजे छोटे गुंतवणूकदार. पण ‘नाममात्र’ भांडवल मोजले जाते ते दर्शनी किमतीने, बाजारभावाने नव्हे. शेअरची दर्शनी किंमत एक रुपया असेल तर दोन लाख शेअर बाळगणारा माणूसही या पहिल्या ओळीत बसतो. बाजारभाव पाचशे रुपये असेल तर त्याच्याकडे दहा कोटींची मालमत्ता आहे, आणि तक्ता त्याला ‘छोटा’ म्हणून दाखवतो. दर्शनी किंमत दहा रुपये असेल तर हीच मर्यादा वीस हजार शेअरवर येते. दोन कंपन्यांतील छोट्या भागधारकांची तुलना करण्याआधी दर्शनी किंमत पाहिली नाही, तर ती तुलना निरर्थक ठरते.

टक्क्यांचा रकाना वाचतानाही छेद कोणता धरला आहे हे पाहावे लागते. तक्त्यातली मुख्य टक्केवारी A+B+C2 या बेरजेवर काढलेली असते. डिपॉझिटरी रिसीटपोटीचे शेअर, म्हणजे C1, त्यातून वगळलेले असतात. बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत याने काही बिघडत नाही, कारण त्यांच्या रिसीट परदेशात नसतातच. पण एचडीएफसी बँकेसारख्या ठिकाणी फरक डोळ्यांत भरतो. 1 जुलै 2023 रोजी एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली. त्याआधी तिचा आणि तिच्या उपकंपन्यांचा बँकेतला एकूण हिस्सा सुमारे 21 टक्के होता. तक्त्याच्या मुख्य रकान्यात मात्र प्रवर्तकांचा हिस्सा साडेपंचवीस टक्क्यांच्या आसपास दिसत असे. दोन्ही आकडे खरे होते; एकात अमेरिकी बाजारातल्या रिसीट धरल्या होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. विलीनीकरणानंतर प्रवर्तकच उरला नाही, म्हणून पुढच्या तक्त्यात तो रकाना शून्यावर गेला. ज्याने मागची पाने पाहिली नव्हती त्याला प्रवर्तकांनी सगळे विकून टाकले असे वाटण्याची पूर्ण शक्यता होती. प्रत्यक्षात एकही शेअर बाजारात विकला गेला नव्हता.

मालकी कशी सरकली हे पाहताना सर्वांत जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो. टक्केवारी बदलली म्हणजे खरेदीविक्री झाली, असे गृहीत धरले जाते. टक्केवारी हा अपूर्णांक आहे. वरचा आकडा बदलला तरी तो बदलतो आणि खालचा बदलला तरी बदलतो. समजा एका कंपनीचे एकूण दहा कोटी शेअर आहेत आणि पाच कोटी प्रवर्तकांकडे आहेत, म्हणजे त्यांचा हिस्सा 50 टक्के. कंपनीने मोठ्या संस्थांना अडीच कोटी नवे शेअर देऊन भांडवल उभारले. प्रवर्तकांनी काहीच विकले नाही, तरी आता त्यांचा हिस्सा साडेबारा कोटींपैकी पाच कोटी, म्हणजे 40 टक्के झाला. याच्या उलट कंपनीने एक कोटी शेअर बायबॅक करून रद्द केले आणि प्रवर्तकांनी त्यात भाग घेतला नाही, तर नऊ कोटींपैकी पाच कोटी म्हणजे त्यांचा हिस्सा साडेपंचावन्न टक्क्यांच्या वर जातो. खिशातून एक पैसा न घालता त्यांची पकड घट्ट झाली. बाजारात अशा वेळी ‘प्रवर्तकांचा विश्वास वाढला’ अशा बातम्या फिरतात, आणि त्या केवळ अर्धवट वाचनातून आलेल्या असतात.

यावर उपाय फार सोपा आहे. टक्क्यांच्या शेजारीच शेअरच्या संख्येचा रकाना असतो. दोन तिमाहींचे तक्ते समोर ठेवून आधी प्रवर्तकांकडच्या शेअरची संख्या आणि मग कंपनीच्या एकूण शेअरची संख्या जुळवायची. पहिली तीच राहिली आणि दुसरी बदलली, तर विक्री झालेली नाही. पहिली घटली, तर काहीतरी हातचे गेले आहे. बोनस किंवा शेअरचे विभाजन झाले असेल तर दोन्ही संख्या एकाच पटीत वाढतात, तेव्हा ती पट आधी काढून टाकावी. प्रवर्तकांची संख्या घटण्याचे आणखी एक निरुपद्रवी कारण असते. एखाद्या नातेवाइकाला किंवा जुन्या भागीदाराला नियमानुसार प्रवर्तक गटातून काढून जनतेत टाकले जाते. मग त्याचे शेअर A मधून B मध्ये जातात, मालक तोच राहतो. हे ओळखायला प्रवर्तकांच्या यादीतून कोणते नाव गळले आणि तेच नाव जनतेच्या यादीत उगवले का, एवढेच पाहावे लागते.

प्रवर्तकांच्या हिश्शाला वर आणि खाली दोन्हीकडे महत्त्वाच्या रेषा आहेत. वर 75 टक्क्यांची मर्यादा आहे, कारण नोंदलेल्या कंपनीत किमान 25 टक्के मालकी जनतेकडे असावी लागते. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला, म्हणजे घटना बदलणे, ठरावीक व्यक्तींना नवे शेअर देणे अशा मोठ्या निर्णयांना, पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे ज्याच्याकडे 25 टक्क्यांपेक्षा जास्त मते आहेत तो एकटा असा ठराव अडवू शकतो. सेबीच्या ताबा नियमांतही 25 टक्क्यांची रेषा आहे: ती गाठणाऱ्या नव्या खरेदीदाराला इतर भागधारकांकडून आणखी 26 टक्के शेअर विकत घेण्याची खुली तयारी जाहीर करावी लागते. प्रवर्तकांचा हिस्सा 60 वरून 55 वर आला तर ताब्यात काही फरक पडत नाही. तोच 27 वरून 22 वर आला तर पडतो. आकडा किती हलला यापेक्षा तो कोणती रेषा ओलांडून हलला, हे अधिक बोलके असते.

आता तारणाच्या रकान्याकडे वळू. प्रवर्तक आपले शेअर गहाण ठेवून कर्ज काढतात. भाव पडला की सावकार आणखी तारण मागतो, आणि ते मिळाले नाही तर गहाण शेअर बाजारात विकतो. सत्यम कॉम्प्युटर्समध्ये प्रवर्तकांचे गहाण शेअर असेच सावकारांनी विकले होते. तो घोटाळा उघड झाल्यावर जानेवारी 2009 मध्ये सेबीने तारण जाहीर करणे सक्तीचे केले. 2019 मध्ये बोज्याची व्याख्या आणखी रुंदावण्यात आली, कारण सरळ तारण न लिहिता ‘शेअर विकणार नाही’ अशी हमी सावकाराला देऊनही तोच परिणाम साधता येत असे. या रकान्यातली टक्केवारी कंपनीच्या एकूण शेअरवर नव्हे, तर त्या त्या प्रवर्तकाकडच्या शेअरवर काढलेली असते. प्रवर्तकांकडे 60 टक्के आणि त्यातले 70 टक्के गहाण, याचा अर्थ कंपनीच्या एकूण मालकीपैकी 42 टक्के सावकाराच्या दारात आहे. प्रवर्तकांकडे 10 टक्केच असतील आणि त्यातले 70 टक्के गहाण असतील, तर हा आकडा 7 टक्क्यांवर येतो. दोन्हीकडे रकान्यात ‘70’ च लिहिलेले असते.

या सगळ्या गोष्टी एकत्र पाहायच्या तर मराठी घरांना चांगल्या परिचयाच्या झी एंटरटेनमेंटच्या तक्त्यांसारखे उदाहरण नाही. झी मराठी वाहिनी चालवणाऱ्या या मुंबईच्या कंपनीचे सुमारे 96 कोटी शेअर आहेत आणि दर्शनी किंमत एक रुपया. सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाची ती सर्वांत मौल्यवान कंपनी. डिसेंबर 2018 अखेरच्या तक्त्यात प्रवर्तकांचा हिस्सा 41 टक्क्यांच्या वर दिसतो. फक्त सारांशाचे पान पाहणाऱ्याला ही भक्कम मालकी वाटली असती. पण तारणाच्या रकान्यात त्यातले निम्म्याहून अधिक शेअर गहाण होते. झी स्वतः नफ्यात होती. कर्ज होते ते समूहाच्या पायाभूत सुविधांसारख्या इतर उद्योगांचे. झीचा ताळेबंद कितीही वाचला तरी हा धोका त्यात सापडला नसता, तो होता भागधारणेच्या तक्त्यात.

25 जानेवारी 2019 रोजी झीचा भाव एका दिवसात पाव हिश्शाहून अधिक कोसळला आणि चंद्रा यांनी सावकारांची जाहीर माफी मागणारे पत्र काढले. पुढच्या चार तिमाहींचे तक्ते म्हणजे मालकी ओसरण्याची नोंदच आहे. जून 2019 अखेर प्रवर्तकांकडे 35.79 टक्के होते. सप्टेंबरपर्यंत ते 22.37 टक्क्यांवर आले, म्हणजे 25 ची रेषा ओलांडली गेली. नोव्हेंबरमध्ये आणखी साडेसोळा टक्के विकून सावकारांचे पैसे फेडण्यात आले, आणि डिसेंबरअखेरच्या तक्त्यात प्रवर्तकांचा हिस्सा 5 टक्क्यांच्या आत होता. इथे एकूण शेअरची संख्या 96 कोटींच्या आसपासच राहिली. त्यामुळे ही घट छेद फुगल्याने झालेली नाही, खरोखर विक्रीनेच झालेली आहे, हे दोन रकाने जुळवून एका मिनिटात कळते.

विकलेले शेअर गेले कुठे, हे जनतेच्या तक्त्यात दिसते. परदेशी संस्थांचा हिस्सा फुगून कंपनीच्या निम्म्याहून अधिक मालकीपर्यंत गेला. त्यात अमेरिकेतल्या इन्व्हेस्को समूहाचे दोन फंड होते, आणि तक्त्यात ती दोन वेगळी नावे म्हणून आली: एकाचे नाव इन्व्हेस्को डेव्हलपिंग मार्केट्स फंड, दुसऱ्याचे ओएफआय ग्लोबल चायना फंड. दुसऱ्या नावात इन्व्हेस्को हा शब्दच नाही. पण दोन्ही एकाच व्यवस्थापनाचे होते आणि त्यांची बेरीज 17.88 टक्के होती. नावानिशी यादी वाचताना अशी बेरीज वाचकालाच करावी लागते. तक्ता ती करून देत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये याच फंडांनी व्यवस्थापकीय संचालक पुनीत गोएंका यांना हटवण्यासाठी विशेष सभेची मागणी केली. कंपनी कायद्यानुसार अशी मागणी करायला 10 टक्के मते पुरतात. चार टक्क्यांचे प्रवर्तक कंपनी चालवत होते आणि जवळपास अठरा टक्क्यांचे भागधारक त्यांना काढायला निघाले होते. ज्यांनी दोन ओळींची बेरीज केली होती त्यांना या वादाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. इन्व्हेस्कोने 2022 पासून टप्प्याटप्प्याने शेअर विकले आणि 2023 मध्ये ती बाहेर पडली.

झीच्या प्रवर्तकांचा तक्ता उघडला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. शेअर बाळगणारी नावे माणसांची नव्हेत, तर सायक्वेटर मीडिया, एस्सेल कॉर्पोरेट एलएलपी अशा संस्थांची आहेत. भारतातल्या बहुतेक मोठ्या घराण्यांचे असेच असते. या संस्थांमागची माणसे कोण, हे सांगण्यासाठी 2019 पासून तक्त्याला एक जोडतक्ता आला आहे. 10 टक्के किंवा अधिक अप्रत्यक्ष हितसंबंध असणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात द्यावे लागते. तरीही त्या मर्यादेखाली राहण्याची सोय असणाऱ्यांना ती आडपडद्यासारखी वापरता येते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तक्त्याच्या मर्यादा इथेच संपत नाहीत. तो तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचे चित्र देतो. मधल्या नव्वद दिवसांत कोणी शेअर घेऊन विकले तर तक्त्यात त्याचा मागमूस नसतो. त्यासाठी एका दिवसात अर्ध्या टक्क्याहून मोठ्या झालेल्या व्यवहारांची बाजाराने प्रसिद्ध केलेली यादी पाहावी लागते. पाच टक्के ओलांडणाऱ्याने, आणि त्यानंतर दोन टक्क्यांहून मोठ्या प्रत्येक बदलाच्या वेळी, द्यायचे खुलासेही जोडीला वाचावे लागतात. एक टक्क्याच्या खाली 0.99 वर थांबलेला मालक तर दिसतच नाही. एखाद्या नामांकित गुंतवणूकदाराचे नाव यादीतून गेले म्हणजे त्याने सगळे विकले असे समजण्याची घाई इथे महागात पडते. तो कदाचित फक्त एक टक्क्याच्या खाली उतरलेला असतो.

मागे वळून पाहण्याबरोबरच तक्त्यात पुढे डोकावण्याचीही एक खिडकी असते. वॉरंट आणि परिवर्तनीय रोख्यांचा रकाना कंपनीने भविष्यात किती शेअर देण्याचे कबूल केले आहे हे सांगतो, आणि त्याच्या शेजारचा रकाना ते सगळे शेअर झाले तर कोणाचा हिस्सा किती होईल हे दाखवतो. वॉरंट घेणाऱ्याला सुरुवातीला चौथा हिस्सा रक्कम भरून अठरा महिन्यांत उरलेली भरायची असते. म्हणून हा रकाना रिकामा नसेल तर मुख्य टक्केवारी तात्पुरती मानावी.

झीमध्ये हाच मार्ग अवलंबण्याचा प्रयत्न झाला. जून 2025 मध्ये संचालक मंडळाने प्रवर्तक गटातल्या संस्थांना 132 रुपये भावाने सुमारे 16.95 कोटी वॉरंट देण्याचा प्रस्ताव मांडला. एकूण रक्कम 2,237 कोटी रुपये. गणित तक्त्यावरूनच करता येत होते. प्रवर्तकांकडचे 3.99 टक्के म्हणजे सुमारे 3.83 कोटी शेअर. त्यात 16.95 कोटी मिळवले की 20.78 कोटी. छेदही 96 वरून 113 कोटींवर जातो. म्हणजे हिस्सा 18.4 टक्के. पण हा विशेष ठराव होता, त्याला 75 टक्के मते हवी होती, आणि प्रवर्तकांची स्वतःची मते चारच टक्के. बाकी सगळा निर्णय जनतेच्या तक्त्यातल्या नावांच्या हाती होता. 10 जुलै 2025 रोजी मते मोजली गेली तेव्हा बाजूने सुमारे साडेएकोणसाठ टक्के आणि विरोधात साडेचाळीस टक्क्यांच्या आसपास मते पडली. ठराव फेटाळला गेला आणि प्रवर्तक होते तिथेच, चार टक्क्यांवर राहिले.